बायोस टाकला की बोर्ड चालतो, काही आठवड्यांनी पुन्हा मरतो: आधी ती चिप मिटते कशी ते बघा

लक्षण असं असतं. डेस्कटॉप सुरू केला की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काही येत नाही. रॅम बदलून पाहिली, सेल बदलला, तरी तेच. मग कोणीतरी बायोसची चिप काढून प्रोग्रामरवर लावतो, नवी फाइल टाकतो आणि बोर्ड जिवंत होतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही आठवड्यांनी तोच डबा पुन्हा काउंटरवर येतो, तक्रार तीच आणि उपायही तोच. लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचं काम करणाऱ्या कुणालाही हे चक्र ओळखीचं आहे.

हे चक्र का थांबत नाही, तर आपण दर वेळी चिप पुसून नवी फाइल टाकतो आणि बिघाडाचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने मिटवतो. जुनी, बिघडलेली फाइल आधी वाचून ठेवली असती तर तिच्यातच दिसलं असतं की काय बिघडलं, कुठे बिघडलं आणि बहुतेक वेळा का बिघडलं. तो पुरावा वाचता यायला एक गोष्ट पक्की माहीत हवी: समोरची रॉम कोणत्या जातीची आहे आणि ती मिटते कशी. प्रत्येक जातीची मिटण्याची रीत वेगळी, म्हणून आपोआप बिघडण्याची रीतही वेगळी.

समोर कोणती रॉम आहे?

मास्क रॉमपासून सुरुवात करू, कारण तिथे प्रश्न लवकर संपतो. हिच्यातला मजकूर चिप बनतानाच कारखान्यात, थर छापायच्या मास्कमध्ये ठरतो. नंतर ती लिहिता येत नाही आणि मिटवताही येत नाही. आज ती वेगळी चिप म्हणून फारशी हाताला लागत नाही, पण मोबाइलच्या प्रोसेसरच्या पोटात पहिली सूचना जिथून उचलली जाते ती बूट रॉम बहुधा याच जातीची असते. तिच्यात चूक राहिली तर अपडेटने दुरुस्त होत नाही. २०१९ साली आयफोनच्या बऱ्याच पिढ्यांच्या बूट रॉममधली checkm8 नावाची त्रुटी उघड झाली, आणि विकल्या गेलेल्या फोनांमध्ये ती कायमची राहिली. दुरुस्तीवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच की मास्क रॉमचा मजकूर 'उडत' नाही. वाचन चुकत असेल तर सॉकेट, सोल्डर किंवा खुद्द चिप तपासायची.

पीरॉम म्हणजे एकदाच लिहायची रॉम. आत बारीक फ्यूज असतात आणि हवे तिथले फ्यूज जास्त व्होल्टेजने जाळून मजकूर लिहितात. जळालेला फ्यूज परत जोडता येत नाही, त्यामुळे मिटवण्याचा प्रश्नच नाही. ही कल्पना १९५६ साली वेन त्सिंग चाऊ यांनी अमेरिकेच्या अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी मांडली. सुटी चिप म्हणून पीरॉम मागे पडली, पण तिचं तत्त्व आजच्या चिपसेटमध्ये जिवंत आहे. बऱ्याच लॅपटॉपच्या चिपसेटमध्ये बनवणाऱ्याच्या किल्लीचा ठसा अशाच फ्यूजांत जाळलेला असतो आणि फर्मवेअरचा पहिला तुकडा त्याच्याशी जुळला नाही तर मशिन सुरूच होत नाही. म्हणून असल्या बोर्डावर बायोसच्या कोड भागात स्वतः बदल करून फाइल टाकली तर चिपवर लिहिणं यशस्वी होतं आणि बोर्ड तरीही मेलेलाच राहतो.

ईपीरॉमपाशी थोडं थांबायला हवं, कारण मुंबईत ती अजून कामावर आहे. जुन्या लिफ्टचं पॅनेल, कापडाच्या मशिनचा कंट्रोलर, जुना सीएनसी उघडला की काचेची खिडकी असलेली 27C256 किंवा 27C512 दिसू शकते. इंटेलच्या डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ही आणली. प्रत्येक बिटाला एक अधांतरी गेट असतं. चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेलं, कशालाही न जोडलेलं. साधारण १२-१३ व्होल्ट देऊन त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की तो बिट ० होतो, रिकामं गेट म्हणजे १. कोरी चिप वाचली की सगळीकडे `FF` दिसतं ते यामुळेच. मिटवायची तर खिडकीतून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश १५ ते २० मिनिटं द्यायचा. एकच बाइट मिटवता येत नाही, मिटते ती अख्खी चिप.

हाच प्रकाश नकळत पडला तरी चिप मिटते, फक्त सावकाश. चिपच्या डेटाशीटांतच लिहिलेलं असतं की खिडकी उघडी असेल तर थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत मजकूर जाऊ शकतो. लिफ्टच्या पॅनेलमध्ये खिडकीवरचं स्टिकर वाळून गळून पडलेलं असेल आणि वर ट्यूब अखंड जळत असेल तर निदान जवळपास झालंच. खात्री करायला जुनी चांगली फाइल आणि आत्ता वाचलेली फाइल शेजारी ठेवायची. बदललेले बिट सगळे ० चे १ झाले असतील तर कोंडलेला विद्युतभार गळला आहे. १ चे ० सुद्धा झाले असतील तर ते उजेडाचं काम नाही, पिनांचा संपर्क किंवा वाचणारं यंत्र तपासा. भार अर्धवट गळलेला बिट आणखी फसवा असतो. सकाळी थंडपणी बरोबर वाचला जातो, पॅनेल तापलं की चुकतो.

इथे बदली चिप टाकताना एक फसगत होते ती सांगतो. 27C256 मिळत नाही म्हणून कोणी 28C256 टाकतो. ती ईईपीरॉम, विजेनेच मिटणारी, तेवढ्याच क्षमतेची, तेवढ्याच २८ पायांची. पण 27C256 च्या पिन १ ला प्रोग्रामिंगचं व्होल्टेज असतं आणि पिन २७ ला पत्त्याची ओळ A14. 28C256 मध्ये A14 पिन १ वर येते आणि पिन २७ वर 'लिही' हा संकेत. म्हणजे प्रोसेसर पत्ता बदलतो तेव्हा चिपला वाटू शकतं की आपल्याला लिहायला सांगितलंय. मधे पिना फिरवणारा अ‍ॅडॅप्टर न लावता ती सॉकेटमध्ये खोचू नका.

ईईपीरॉमचा गुण हा की एकेक बाइट विजेने मिटवून पुन्हा लिहिता येतो, बाकीच्याला धक्का न लावता. पण प्रत्येक बिटाला जास्त जागा लागते, म्हणून ती महाग पडते आणि लहान कामांना उरते. मॉनिटरची ओळख सांगणारी 24C02 अशीच, अवघ्या २५६ बाइटांची.

आणि फ्लॅश. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये नॉर फ्लॅश मांडली, १९८७ मध्ये नँड. तत्त्व ईपीरॉमचंच, अधांतरी गेटात इलेक्ट्रॉन कोंडायचे, पण मिटवायला उजेड नको, वीज पुरते. स्वस्त पडावी म्हणून मिटवण्याची सोय एकेका बाइटाला न देता पूर्ण ब्लॉकला दिली. पीसीच्या बोर्डावर बूटसाठी नॉर जातीचीच फ्लॅश असते, कारण तिच्यातून कुठलाही पत्ता थेट वाचता येतो. रॅम अजून जागीही झालेली नसताना प्रोसेसर पहिल्या सूचना तिथूनच चालवू शकतो. नँड पानापानाने वाचावी लागते आणि तिच्यातल्या चुका सुधारत बसाव्या लागतात. म्हणून मोबाइलमध्ये आधी प्रोसेसरच्या पोटातली मास्क रॉम जागी होते आणि मग ती नँडमधून पुढचं उचलते.

विजेनेच मिटते, म्हणजे चालू मशिन स्वतःच स्वतःचा बायोस मिटवू शकतं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने असंख्य मशिनांवर हेच केलं. खिडकीवाल्या ईपीरॉमवर चालणाऱ्या बोर्डाच्या बायोसला तो हातही लावू शकत नव्हता. आपल्या वारंवार मरणाऱ्या बोर्डाचं मूळही तिथेच आहे, फक्त व्हायरसची गरज नाही. आजचं फर्मवेअर रोजच्या कामाचा भाग म्हणून त्या चिपवर लिहीत असतं.

ब्लॉकने मिटतं, म्हणून आठवड्यांनी मरतं

साध्या डेस्कटॉपवर सापडणारी W25Q64JV घ्या. ८ मेगाबाइट, ८ पाय. तिच्यात एका वेळी २५६ बाइटांपर्यंतचं पान लिहिता येतं, त्याला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. लिहिणं म्हणजे फक्त १ चा ० करणं. ० चा १ करायचा तर लहानात लहान ४ किलोबाइटचा सेक्टर पूर्ण मिटवावा लागतो. त्याला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात आणि डेटाशीट ४०० मिलिसेकंदांपर्यंतची मुभा ठेवते.

आता बायोस सेटिंग, बूटचा क्रम, विंडोजने ठेवलेल्या नोंदी, हे सगळं यूईएफआय फर्मवेअर याच चिपच्या एका भागात ठेवतं. त्याला एनव्हीरॅम म्हणतात. एक सेटिंग बदललं की सेक्टर मिटव, असं केलं तर वेळ जाईल आणि चिपही झिजेल. म्हणून फर्मवेअर उधारीच्या वहीसारखं वागतं. जुनी नोंद खोडायची, म्हणजे तिच्या शेजारचा एखादा बिट १ चा ० करायचा, आणि नवी नोंद खालच्या ओळीवर लिहायची. वही भरली की चालू बाकी तेवढी उतरवून घ्यायची, जुनी पानं कोरी करायची आणि बाकी परत मांडायची. ही सफाई बहुधा मशिन सुरू होताना, विंडोजकडे कारभार सोपवण्याआधी होते.

'महिनाभर नीट चालला हो' या वाक्याचं उत्तर इथे आहे. नवी फाइल टाकली की वही कोरी असते आणि मिटवण्याची वेळ येत नाही. आठवड्यांनी ती भरते, सफाई होते, आणि नेमक्या त्या क्षणी वीज डळमळली तर सेक्टर मिटलेला राहतो, परत लिहिलेला नसतो. नीट लिहिलेलं फर्मवेअर आधी राखीव जागेत प्रत ठेवतं आणि पुढच्या वेळी ती वापरून सावरतं. पण प्रत लिहिताना व्होल्टेजच पडलं असेल तर त्या प्रतीचा भरवसा नाही, आणि हे सावरणं सगळ्याच बोर्डांवर नीट केलेलंही नसतं.

सेल बदलून फरक का पडत नाही हेही यातून कळतं. तो सेल घड्याळ आणि जुन्या पद्धतीची थोडी सीमॉस रॅम सांभाळतो. फ्लॅशला मजकूर टिकवायला सेल लागतच नाही.

परळच्या झेरॉक्सवाल्यांचा बोर्ड

एक प्रत्यक्ष केस सांगतो. परळला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणारे काका बोर्ड घेऊन आले. बायोस आधी दुसरीकडे टाकून झाला होता, एकदा तर चिपच नवी लावली होती.

"दादा, रात्री चांगला बंद करून जातो. सकाळी शटर वर केलं की हा मेलेला."

"दर वेळी सकाळीच?"

"सकाळीच. दुपारी कधी त्रास दिला नाही त्याने."

दुकानात काम करणाऱ्या मुलाने आणखी एक सांगितलं: मरायच्या आधी काही दिवस सकाळी पंखा सुरू व्हायचा, थांबायचा, परत सुरू व्हायचा. असे प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात, पण निम्मं निदान त्यांतच असतं.

चिप सॉकेटमध्ये होती, त्यामुळे सरळ काढून प्रोग्रामरवर लावता आली. चिप सोल्डर केलेली असेल आणि क्लिप लावून वाचत असाल तर सावध राहा. क्लिपमधून दिलेली वीज बोर्डाच्या बाकीच्या भागातही शिरते आणि वाचन बिघडतं. स्वस्तातला काळा CH341A प्रोग्रामर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. तो चिपला ३.३ व्होल्ट देतो, पण बऱ्याच नगांत डेटाच्या ओळी ५ व्होल्टवर चालतात. मीटरने मोजून घ्या आणि तसं असेल तर दुरुस्त केलेला नग किंवा दुसरा प्रोग्रामर वापरा. लॅपटॉपच्या काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना अ‍ॅडॅप्टरशिवाय लावायचंच नाही. चिपवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा: W25Q64JV ३.३ ची आहे, W25Q64FW १.८ ची.

लिहिण्याआधी दोनदा वाचन:

```
flashrom -p ch341a_spi -r a.bin
flashrom -p ch341a_spi -r b.bin
sha256sum a.bin b.bin
```

दोन्ही बेरजा तंतोतंत सारख्या आल्या पाहिजेत. वेगळ्या आल्या तर पाय पुसा, चिप पुन्हा बसवा, वायर आखूड करा. दोन वाचनं जुळत नाहीत तोवर चिपवर काहीही लिहायचं नाही. इथे जुळली. `a.bin` ची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. त्यात या बोर्डाचा लॅन पत्ता आणि अनुक्रमांक असतो, तो दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये मिळणार नाही.

मग बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची फाइल उतरवली आणि तिला `good.bin` नाव दिलं. ती बरोबर ८३८८६०८ बाइटांची होती, चिपच्या आकाराएवढीच. काही कंपन्यांच्या फाइलला पुढे जादा मथळा जोडलेला असतो. आकार थोडा जास्त दिसला तर तो मथळा काढल्याशिवाय तुलना करू नका, सगळे पत्ते सरकलेले असतात.

या बोर्डावर बायोसचा भाग `0x200000` पासून सुरू होत होता. त्याचे पहिले १२८ किलोबाइट एनव्हीरॅमचे आणि पुढे सगळा कोड. तुमच्या बोर्डावर हे आकडे वेगळे असतील. यूईएफआयटूलमध्ये फाइल उघडली की विभागांचे पत्ते दिसतात. आधी कोड तपासला:

```
cmp -i 2228224 a.bin good.bin
```

`2228224` म्हणजे `0x220000`, एनव्हीरॅम जिथे संपतो तो पत्ता. आज्ञेने काहीच छापलं नाही, म्हणजे तिथून शेवटपर्यंत एकही बाइट वेगळा नाही. कोड शाबूत होता. आधी जे पुन्हापुन्हा टाकलं गेलं तेच मुळात बिघडलेलं नव्हतं. मग एनव्हीरॅमची सुरुवात पाहिली:

```
xxd -s 0x200000 -l 48 a.bin
00200000: ffff ffff ffff ffff ffff ffff ffff ffff  ................
00200010: ffff ffff ffff ffff ffff ffff ffff ffff  ................
00200020: ffff ffff ffff ffff ffff ffff ffff ffff  ................
```

नुसतं `FF` दिसलं म्हणून दोष सिद्ध होत नाही, कारण वहीतली न लिहिलेली पानंही `FF` च असतात. पण ही जागा रिकामी असूच शकत नाही. यूईएफआयच्या प्रत्येक व्हॉल्यूमच्या सुरुवातीपासून `0x28` बाइटांवर `_FVH` ही खूण असते. `good.bin` मध्ये `0x200028` ला ती होती, इथे नव्हती. हे `FF` बरोबर `0x200FFF` पर्यंत होतं आणि `0x201000` पासून पुन्हा नोंदी दिसत होत्या. बरोबर ४ किलोबाइट, बरोबर सेक्टरच्या कडांवर. जुनी झालेली चिप विद्युतभार गाळते तेव्हा इकडेतिकडे तुरळक बिट ० चे १ होतात, असा सरळ रेषेत कापलेला चौकोन करत नाही. सेक्टर मिटवायची आज्ञा पूर्ण झाली आणि परत लिहायची आज्ञा कधी पोचलीच नाही, याचा हा ठसा होता.

चिपच संपली असेल का, हा प्रश्न रास्त आहे. अशी चिप एका सेक्टरला साधारण १ लाख वेळा मिटवणं सोसते. संपलेल्या चिपेत मिटवल्यावरही काही बाइट `FF` होत नाहीत, किंवा लिहून पडताळताना `flashrom` तक्रार करतो. इथे `VERIFIED` आलं. शिवाय मधे एकदा नवी चिप लावूनही बोर्ड मेला होता, त्यामुळे चिपवर संशय घ्यायला जागा उरली नाही.

दुरुस्तीसाठी पूर्ण फाइल बदलली नाही. बोर्डाच्या स्वतःच्या फाइलमध्ये फक्त एनव्हीरॅमचा तुकडा चांगल्या फाइलमधून बसवला:

```
cp a.bin fix.bin
dd if=good.bin of=fix.bin bs=4096 skip=512 seek=512 count=32 conv=notrunc
flashrom -p ch341a_spi -w fix.bin
```

४०९६ ला ५१२ ने गुणलं की `0x200000` येतं आणि ३२ सेक्टर म्हणजे १२८ किलोबाइट. `conv=notrunc` विसरलात तर फाइल तिथेच कापली जाते, म्हणून लिहिण्याआधी `fix.bin` चा आकार पुन्हा पाहा. काही बोर्ड अनुक्रमांक एनव्हीरॅममध्येच ठेवतात. `a.bin` च्या त्या भागात तो दिसला तर आधी टिपून घ्या. दुसऱ्या बोर्डाची अख्खी फाइल टाकण्याची सवय असेल तर ती सोडाच. दोन मशिनांना एकच लॅन पत्ता मिळतो, आणि चिपसेटच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग परक्या बोर्डाचा आला की मशिन ठरावीक वेळाने आपोआप बंद पडण्यासारखे नवेच रोग लागतात.

बोर्ड सुरू झाला, पण इथे थांबलो असतो तर तो पुन्हा येणार हे नक्की होतं.

वीज नेमकी कुठे डळमळत होती

माझ्या टेबलावर बोर्ड दिवसभर निर्धोक चालत होता. म्हणून काकांचाच एसएमपीएस घेऊन, त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच वायरिंगवर तपासायला गेलो. चिपच्या पिन ८ वर ३.३ व्होल्ट येतात, पिन ४ जमीन. तिथे हातात मावणारा ऑसिलोस्कोप लावला आणि व्होल्टेज ३ च्या खाली गेलं की पकडेल असा ट्रिगर ठेवला. साधं मल्टिमीटर इथे उपयोगाचं नाही. काही मिलिसेकंदांचा खड्डा ते सरासरीत गिळून टाकतं आणि ३.३ च दाखवत राहतं.

मुलाला म्हटलं, रोज सकाळी जसं करतोस तसंच कर. त्याने शटरमागचा मेन स्विच वर केला. ट्यूब लागल्या, झेरॉक्स मशिन गरम व्हायला लागलं आणि कोणी बटण न दाबता संगणकही सुरू झाला. बायोसमध्ये `Restore AC Power Loss` हे सेटिंग `Power On` वर होतं. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होती. झेरॉक्सच्या फ्यूजर रोलरचा हीटर एकदम मोठा करंट ओढतो आणि तापमान राखायला सारखा चालू-बंद होत राहतो. हीटर लागला, ट्यूब क्षणभर मंद झाली आणि स्कोपवर खड्डा आला. पिन ८ वर सुमारे २.४ व्होल्ट.

हा आकडा वाईट का, ते बघा. ही चिप २.७ ते ३.६ व्होल्टमध्ये नीट चालण्याची हमी देते. दुसरीकडे, व्होल्टेज पडल्यावर लिहिणं आपोआप रोखणारं तिचं कुलूप साधारण १ ते २ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी लागतं. मधला २ ते २.७ चा पट्टा बेवारस आहे. चिप आज्ञा घेऊ शकते, पण काम पूर्ण होईलच असं कोणी सांगत नाही. त्याच वेळी बोर्ड रिसेट होतो, म्हणजे आज्ञा देणारा प्रोसेसरही मधेच सुटतो. पंखा थांबून परत सुरू होण्याची खूण तीच होती.

मेनची वीज खचली तरी थोडा वेळ तग धरणं हे एसएमपीएसचं काम. चांगल्या एटीएक्स एसएमपीएसकडून पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंदांच्या आसपास अपेक्षा धरतात. सेक्टर मिटायला लागतात ४५ किंवा जास्त. म्हणजे निरोगी एसएमपीएससुद्धा पूर्ण वीज गेल्यावर मिटवणं तडीस नेईल याची खात्री नाही, पण असा छोटा खड्डा तो सहज पचवतो. काकांचा एसएमपीएस पचवत नव्हता. बाहेरून जाळीतूनच दोन कपॅसिटर फुगलेले दिसत होते. तो उघडून दुरुस्त करत बसलो नाही, नवा लावला. तुम्ही उघडणारच असाल तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते, ती उतरल्याचं मीटरने पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका.

तीन बदल केले. एसएमपीएस नवा लावला, संगणकाचा प्लग झेरॉक्सपासून वेगळ्या पॉइंटवर घेतला आणि `Restore AC Power Loss` हे `Power Off` वर ठेवलं, म्हणजे मेन स्विच वर केला तरी संगणक बटण दाबेपर्यंत झोपलेला राहील. मुलाला सांगितलं, आधी झेरॉक्स गरम होऊ दे, मग संगणक. नंतर पुन्हा स्कोप लावून हीटर बऱ्याच वेळा चालू-बंद होऊ दिला. पिन ८ वरची रेष ३.३ वरून हलली नाही. एनव्हीरॅमची वही भरायला जेवढे आठवडे लागत होते त्याहून कितीतरी जास्त काळ गेला, बोर्ड चालू आहे.

यूपीएस लावायचा असेल तर तो फक्त संगणकाला लावा, झेरॉक्सचा हीटर त्यावर टाकू नका. आणि बायोस अपडेट करायचा तर यूपीएसवर आणि झेरॉक्स बंद असतानाच. तेव्हा एक सेक्टर नाही, कोडचे मोठे ब्लॉक एकामागून एक मिटत असतात, आणि तिथे वीज गेली तर एनव्हीरॅमपुरतं भागत नाही.

तुमच्याकडे आलेल्या बोर्डाची फाइल यापेक्षा वेगळी दिसली तर वाटही वेगळी. कोडच्या भागात ४ किंवा ६४ किलोबाइटच्या कडांवर `FF` असेल तर अर्धवट राहिलेला अपडेट शोधा. विंडोजमधून केलेल्या अपडेटांबद्दल गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारा. तुरळक बिट सगळे ० चे १ झाले असतील तर चिप बदला. दोन्ही दिशांनी बदल असतील आणि वाचनं जुळत नसतील तर आधी संपर्क तपासा. आणि फाइल पूर्ण शाबूत निघाली, एनव्हीरॅमसकट, तर बायोस टाकून बोर्ड चालू झाल्यासारखा वाटला तो चिप काढून बसवल्यामुळे. सॉकेटचे पाय काळे पडलेत का, सोल्डरला तडा आहे का ते भिंगाखाली बघा. समुद्राजवळच्या दुकानांतून आलेल्या बोर्डांवर हे बरंच सापडतं.